वडिलांचं फेसबुक आणि जीमेल: आधी काय करायचं, नंतर काय?

संगममाहुली
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा गेल्या महिन्यात गेले. घर सांगलीत गावभागात, पण शेवटचे दिवस कोल्हापूरला दवाखान्यात होते. मी लग्नानंतर साताऱ्यात. दिवसकार्य आटोपलं, आता एकेक गोष्ट निस्तरायला घेतली आहे आणि या विषयात आमच्या घरात कुणालाच गती नाही.

आप्पांचं एक जीमेल आहे आणि एक फेसबुक. फेसबुकवर त्यांची स्वतःची प्रोफाइल आहेच, शिवाय सांगलीच्या महापुरांच्या फोटोंचं एक पेज ते चालवायचे. २००५, २०१९, २०२१. कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, आयर्विन पुलावरची पातळी तेव्हा किती होती, असं सगळं फोटोखाली लिहिलेलं. लोकांनी आपल्या घरातले फोटो त्यांना पाठवले होते. त्या पेजचे ॲडमिन एकटे आप्पाच.

पासवर्ड कुणाला माहीत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडलं की जीमेल आणि फेसबुक दोन्ही आपोआप उघडतात. फोनला पॅटर्न आहे, तो माहीत नाही. सिम प्रीपेड, अजून चालू आहे.

आता त्यांचे एक जुने मित्र म्हणतात, "मी फेसबुकला कळवतो, ते खातं श्रद्धांजलीचं करून देतात. पेपरात बातमी आलेलीच आहे, कात्रण जोडतो." भाऊ म्हणतो सगळं बंद करून टाक. आई म्हणते कशालाच हात लावू नका. मी काय करू?

निवृत्त_लेखनिक
ताई, आपल्या दुःखात सहभागी आहे. खात्यावर नॉमिनी लावलेला असेल तर काही अडचण नाही. मृत्यू दाखल्याची प्रत, नॉमिनीचं आधार आणि पॅन, आणि शाखेत मिळणारा क्लेम फॉर्म एवढंच लागतं. नॉमिनी नसेल तर रकमेवर अवलंबून आहे.

बेदाणा
काका, त्या बँकेच्या खात्याबद्दल विचारत नाहीयेत 🙂

निवृत्त_लेखनिक
हो का, शीर्षक न वाचताच लिहिलं. असू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तारघर
ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी त्या काकांना फोन करा आणि फॉर्म भरू नका म्हणून सांगा. त्यांची भावना चांगली आहे, पण त्यांनी तो अर्ज केला आणि फेसबुकने मान्य केला तर पुरांचं पेज जाईल.

कारण सांगतो. प्रोफाइल स्मृतिखातं झाली की तिच्यात कुणालाच लॉगिन करता येत नाही. पासवर्ड अचूक असला तरी नाही. नावाच्या वर Remembering असा शब्द येतो, वाढदिवसाची आठवण लोकांना जायची थांबते, जुन्या पोस्टी आणि फोटो आहेत तसे राहतात. प्रोफाइलपुरतं हे सगळं ठीक आहे. पण ज्या पेजचा ॲडमिन एकच आहे आणि त्याचं खातं स्मृतिखातं झालं, ते पेज फेसबुक काढून टाकतं. हे त्यांच्या मदतपानावर लिहिलेलं आहे, पण तिथपर्यंत कोण वाचतो? आणि एकदा झालं की मागे फिरायची सोय नाही. माणूस जिवंत असताना चुकून झालं असेल तरच ते उलटवतात.

दुसरी गोष्ट. स्मृतिखात्याचा अर्ज करायला घरचंच माणूस लागतं असं नाही. मित्राने प्रोफाइलची लिंक, निधनाची तारीख आणि शोकबातमीचं कात्रण दिलं तरी काम होतं. खातं कायमचं काढायला मात्र जवळचे नातेवाईक असल्याचा पुरावा मागतात. म्हणजे तुमच्या बाबतीत ज्याने नुकसान होईल तेच बाहेरच्या माणसाला सहज करता येण्यासारखं आहे.

संगममाहुली
बाप रे. लगेच फोन केला. ते म्हणाले, फॉर्म अर्धा भरून ठेवला होता, कात्रणाचा फोटो नीट येत नव्हता म्हणून राहिला. थांबलेत.

वारणाकाठ
एवढं घाबरायचं कारण नाही हो. वारस दाखला काढा, मृत्यू दाखला जोडा आणि गुगलला पाठवा. वारसाला ते पासवर्ड देतात. फेसबुकवरही स्मृतिखातं झालं की घरच्यांना लेगसी काँटॅक्ट म्हणून ताबा मिळतो. आमच्या साडूंच्या बाबतीत तसंच झालं होतं.

तारघर
वारणाकाठ, यातलं अर्धं बरोबर आहे. लेगसी काँटॅक्ट असतो, पण तो माणसाने स्वतः हयात असताना नेमायचा असतो. तुमच्या साडूंनी नेमला असणार. मागाहून वारस म्हणून कुणी तो होऊ शकत नाही. आणि नेमलेला असला तरी तो खात्यात शिरत नाही. वर एखादी पोस्ट चिकटवता येते, प्रोफाइलचा फोटो बदलता येतो, मैत्रीच्या विनंत्या बघता येतात, खातं काढा म्हणून सांगता येतं. मेसेज वाचता येत नाहीत.

गुगलचं तर स्पष्ट आहे, पासवर्ड ते कुणालाही देत नाहीत. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी त्यांचा वेगळा फॉर्म आहे. त्यात खातं बंद करा, खात्यातले पैसे द्या किंवा माहिती द्या असं मागता येतं. तुमचं ओळखपत्र आणि मृत्यू दाखला लागतो. दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित आणि नोटरी केलेलं भाषांतर लागतं. बंद करण्याचा अर्ज त्या मानाने सरळ जातो. माहिती मागितली की आधी ते स्वतः तपासतात, आणि पुढे अमेरिकेतल्या कोर्टाचा आदेश आणा म्हणू शकतात. तिथे आपला वारस दाखला चालत नाही.

संगममाहुली
दाखल्याचं अजून एक विचारायचं होतं. भाऊ दोनदा सांगली महापालिकेत जाऊन आला, नोंदच नाही म्हणतात.

निवृत्त_लेखनिक
आता हे माझ्या कामाचं. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या पत्त्यावर नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात झाला असेल तर दाखला कोल्हापूर महापालिकेकडून घ्यायचा. दवाखान्याने कळवलेलं असतंच. आणि जास्तीच्या प्रती आत्ताच घ्या, विमा, पेन्शन, बँक सगळीकडे लागतात. हल्लीचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे भाषांतराचा खर्च वाचेल. फक्त इंग्रजीतल्या नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून आधारशी ताडून बघा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की दुरुस्तीला पुन्हा रांग.

बेदाणा
फोनबद्दल सांगतो, कारण आमच्याकडे वाट लागली होती. चुलतभाऊ गेला, फोनला लॉक. काकांनी फोन मोबाईलच्या दुकानात नेला. पोरगा म्हणाला, "लगेच उघडून देतो." त्याने फॅक्टरी रीसेट मारला. सगळे फोटो गेले ते गेलेच, वर फोन सुरू होताना पुन्हा जुन्याच गुगल खात्याचा पासवर्ड मागायला लागला. म्हणजे फोटोही नाहीत आणि फोनही नाही. त्याचं लग्न ठरलं होतं, साखरपुड्याचे व्हिडिओ त्यातच होते. काकू अजून तो फोन चार्जिंगला लावून ठेवतात.

दुकानदार 'अनलॉक' म्हणतात तेव्हा दहात नऊ वेळा त्यांना रीसेटच म्हणायचं असतं. आधी विचारा, डेटा राहणार का?

तारघर
अगदी. फोन कपाटात ठेवून द्या. तुमची खरी किल्ली तो कॉम्प्युटर आहे. तो फॉरमॅट करू नका, क्रोममधून लॉगआउट करू नका, 'हिस्टरी साफ करतो' म्हणणाऱ्या भाच्याला लांब ठेवा. आणि सिमचं रिचार्ज संपू देऊ नका. रिचार्ज संपून नंबर बंद झाला की किमान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, पण नंतर देऊ शकतात. मग आप्पांच्या खात्यांचे ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाला जातील.

आता पेज वाचवायचं कसं ते. पेजवर दुसरा माणूस जोडायला आप्पांच्या प्रोफाइलमधून पेजच्या सेटिंगमध्ये जायचं, Page access उघडायचं, तुमचं नाव टाकून पूर्ण ताबा द्यायचा. या पायरीला फेसबुक पासवर्ड पुन्हा विचारतं, नुसतं लॉगिन असून भागत नाही. पण क्रोममध्ये पासवर्ड साठवलेला असण्याची दाट शक्यता आहे. पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

यादीत फेसबुक दिसलं तर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारा. कॉम्प्युटरचा स्वतःचा पिन किंवा पासवर्ड विचारेल, गुगलचा नाही. यादीत नसेल तर 'पासवर्ड विसरलो'चा मार्ग आहे, त्याची लिंक जीमेलवर येईल आणि जीमेल तर तुमच्यासमोर उघडंच आहे.

अजिंक्यतारा७१
मी वकिली करतो म्हणून मध्ये बोलतो. तारघर यांनी सांगितलेला मार्ग चालेल, पण तो नियमात बसतो असं कुणी समजू नये. फेसबुक असो वा गुगल, दुसऱ्याच्या नावाने लॉगिन करणं त्यांच्या अटींत बसत नाही, आणि मृत्यूनंतर त्याला वेगळी सूट नाही. मृत व्यक्तीच्या नावाचं सिम वापरत राहणं हाही तसाच प्रकार. सिम तरी कंपनीच्या गॅलरीत जाऊन वारसाच्या नावावर करून घ्या.

तारघर
अटींबद्दल बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण साहेब, दुसरा मार्ग सांगा ना. पेजसाठी फेसबुककडे वारसाचा असा कुठला सरळ अर्ज आहे?

अजिंक्यतारा७१
नाही, तेच तर दुखणं आहे. जर्मनीत एका पंधरा वर्षांच्या मुलीचा २०१२ मध्ये मेट्रोखाली येऊन मृत्यू झाला. कुणीतरी तिचं फेसबुक स्मृतिखातं करून टाकलं आणि आईवडिलांना पासवर्ड ठाऊक असूनही आत जाता येईना. तो अपघात होता की आत्महत्या, हे त्यांना मेसेज वाचून समजून घ्यायचं होतं. खटला थेट तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेला. २०१८ मध्ये निकाल लागला की पत्रं आणि डायरी जशी वारसांकडे जाते तसंच हे खातंही जातं. सहा वर्षं. आणि तो निकाल जर्मनीचा, आपल्याला बांधील नाही.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नॉमिनी नेमण्याची तरतूद केली आहे, पण तीसुद्धा माणसाने स्वतः नेमण्याची. ज्यांनी काही नेमलं नाही त्यांच्या घरच्यांनी काय करायचं, याचं सरळ उत्तर त्यात नाही. म्हणून मी ताईंना 'करू नका' म्हणत नाही. जे कराल ते भाऊ आणि आई यांच्या समोर करा, काय केलं ते वहीत लिहून ठेवा, आणि आप्पांच्या नावाने कुणाला एक अक्षरही पाठवू नका. आणि एक, बँकेच्या ॲपला त्या ओटीपीने हात लावायचा नाही. तिथे वारसांत वाद झाला तर प्रकरण पोलिसांत जातं. ते काम क्लेम फॉर्मनेच.

सुगरण_कराड
मी यातलं तांत्रिक काही सांगू शकत नाही. एवढंच की माझी जाऊ गेली त्याला दोन वर्षं झाली आणि दर वाढदिवसाला फेसबुक मला तिला शुभेच्छा द्यायला सांगतं. लोक खरंच देतात हो, "मेनी हॅपी रिटर्न्स", ज्यांना माहीत नाही ते. यावर काय करता येतं?

तारघर
ताई, तुमच्यासाठी स्मृतिखातंच योग्य. पेज वगैरे काही नसेल तर बिनधास्त अर्ज करा. इन्स्टाग्रामवरही तशी सोय आहे. तिथे लेगसी काँटॅक्टची भानगडच नाही, एकतर स्मृतिखातं नाहीतर काढून टाकणं.

संगममाहुली
काल सांगलीला जाऊन आले. भाऊ, आई, मी, तिघं बसलो. क्रोमच्या यादीत फेसबुकचा पासवर्ड होता! आप्पांनी ठेवलेला पासवर्ड म्हणजे आमच्या जुन्या लँडलाइनचा नंबर आणि पुढे आईचं नाव. आई आधी रडली मग हसली. पेजवर मला आणि भावाला पूर्ण ताबा दिला, माझ्या खात्यावर आमंत्रण आलं ते स्वीकारलं. माझ्या मोबाईलवरून पेज उघडतंय.

आता जीमेल. फोटो सगळे गुगल फोटोजमध्ये दिसताहेत. पुराचे मूळ मोठे फोटोही तिथेच आहेत. ते उतरवायला takeout.google.com वर गेले तर जीमेलचा पासवर्ड मागतंय आणि तो क्रोमच्या यादीत नाही.

तारघर
छान झालं. पण आमंत्रण स्वीकारलंत तरी दोन-चार दिवस थांबा, तुमच्या दोघांची नावं पेजच्या यादीत पूर्ण ताब्यासह दिसतात ना ते पुन्हा बघा, मगच प्रोफाइलचं पुढचं ठरवा.

टेकआउट पासवर्ड पुन्हा विचारतंच. त्यासाठी खातं परत मिळवण्याचा जो गुगलचा रस्ता आहे तो त्याच कॉम्प्युटरवरून, त्याच क्रोममधून, सांगलीच्या घरातल्याच वायफायवरून करा. नेहमीचं यंत्र आणि नेहमीची जागा याला गुगल वजन देतं. साताऱ्याहून तुमच्या लॅपटॉपवर तेच केलंत तर नाकारण्याची शक्यता खूप. ओटीपीसाठी आप्पांचं सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, मेसेज तिथे येईल. पॅटर्न लागत नाही. आणि वारंवार प्रयत्न करू नका, ते काही काळ अडवून ठेवतात.

मात्र हे सिम व्हॉट्सॲपसाठी वापरू नका. दुसऱ्या फोनवर आप्पांचं व्हॉट्सॲप सुरू केलंत तर जुन्या फोनवरचं बंद पडेल, आणि इकडे गेलेल्या माणसाच्या नावाने व्हॉट्सॲप पुन्हा सुरू झालेलं लोकांना दिसेल. तसंही १२० दिवस कुणी वापरलं नाही की ते खातं व्हॉट्सॲपच काढतं.

टेकआउटमध्ये सगळ्याला टिक असते. आधी सगळ्या काढा, फक्त फोटो आणि मेल ठेवा. मेलची एक मोठी mbox फाइल येते, ती थंडरबर्ड नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडते. तयार झालेली लिंक आठवडाभरच चालते, तेव्हा हार्डडिस्क आधी आणून ठेवा.

वारणाकाठ
साडूंच्या बायकोला विचारलं. त्यांनी खरंच आधी नेमलं होतं. पण गुगलचं त्यांनाही मिळालं नाही म्हणे, मी समजत होतो मिळालं.

बेदाणा
ताई, तुमच्या आईचं "कशालाच हात लावू नका" चालणार नाही का? फेसबुक तर राहतंच ना तसं?

तारघर
फेसबुक राहतं. गुगल राहत नाही. दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर वैयक्तिक खातं काढून टाकण्याचा गुगलचा नियम आहे, २०२३ च्या डिसेंबरपासून लागू. मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं जातं. म्हणजे हात न लावणं हाही एक निर्णयच आहे, फक्त तारीख गुगल ठरवतं. आणि ताईंच्या भावाचं 'सगळं बंद कर' त्याच्या उलट घाईचं. जीमेल सगळ्यात शेवटी बंद करायचं, कारण विमा, आयकर, वीजबिल, फेसबुक, सगळ्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात. वर्षभर तरी राहू द्या. एक आयकर विवरणपत्र भरायचं राहिलंच असेल.

संगममाहुली
हो, आयकराचं राहिलंय. टेकआउट सुरू केलंय, हार्डडिस्क आणली.

आई मात्र म्हणते, मेल उतरवा पण कुणी वाचू नका. भावाला विम्याच्या पावत्या शोधायच्या आहेत, त्याला वाचल्याशिवाय कशा सापडणार? सध्या असं ठरलंय की तो फक्त विमा कंपनीचं नाव टाकून शोधेल आणि आई शेजारी बसेल. प्रोफाइल स्मृतिखातं करायची की आहे तशी ठेवायची यावर अजून एकमत नाही. आप्पांचे ते मित्र रोज विचारतात.

अजिंक्यतारा७१
आईंचं ऐका. पत्रव्यवहार आप्पांचा एकट्याचा नाही, समोरच्यांचाही आहे.

तारघर
यावर माझं मत वेगळं आहे, पण ते घरचं आहे.

निवृत्त_लेखनिक
हे सगळं वाचून माझंच बघायला घेतलं. ते आधीच माणूस नेमायचं गुगलमध्ये कुठे सापडतं? सेटिंगमध्ये फिरून फिरून दमलो.

तारघर
काका, थेट myaccount.google.com/inactive टाका. ३ ते १८ महिन्यांमधली मुदत निवडायची, तेवढे दिवस तुम्ही खातं वापरलं नाहीत की गुगल आधी तुम्हालाच मेसेज आणि मेल करतं, तरी उत्तर नाही आलं तर नेमलेल्या माणसांना कळवतं. दहा जणांपर्यंत नावं घालता येतात. कुणाला फोटो, कुणाला मेल असं वेगवेगळंही देता येतं, आणि ते उतरवून घ्यायला त्यांना तीन महिने मिळतात. ज्याला द्यायचं त्याचा चालू मोबाईल नंबर हाताशी ठेवा.

निवृत्त_लेखनिक
उघडलं. मुलाचा नंबर टाकला. सुनेचाही टाकू का?

बेदाणा
काका, मेल वाचून बघा आधी, मग ठरवा 😄